खुणांच्या तक्त्यातून न दिसलेली कपात

एका विमा प्रतिनिधी बाईंना दोन आरोग्य विमा योजनांची तुलना करणारे एकपानी इन्फोग्राफिक हवे होते. त्यांनी दिलेल्या तक्त्यात पहिल्या योजनेसमोर जवळजवळ सगळीकडे बरोबरची खूण होती. दुसऱ्या योजनेत मात्र 20 टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक दाव्यातला तेवढा वाटा रुग्णाने भरायचा, अशी अट असल्यामुळे तिथे फुली होती. ग्राहक खुणा मोजून पहिली योजना घेणार, हे उघड होते.

दोन्ही पॉलिसींची मूळ कलमे वाचताना मी पहिल्या योजनेच्या खोलीभाड्याच्या मर्यादेपाशी थांबलो. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरक नव्हे, तर शल्यविशारद, शस्त्रक्रियागृह आणि शुश्रूषा यांचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाणार होते. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या तेवढ्या या कपातीतून वगळल्या होत्या. एवढी मोठी अट एका खुणेत मावत नाही.

म्हणून मी खुणा काढून टाकल्या आणि एकाच बिलाच्या आडव्या पट्ट्या काढल्या. बिलाचे 100 भाग धरले: खोली 20, शस्त्रक्रिया व शुश्रूषा 50, औषधे, इम्प्लांट व तपासण्या 30. खोलीचे भाडे मर्यादेच्या दुप्पट असेल, तर पहिली योजना 10, 25 आणि 30 मिळून 65 भाग देते आणि रुग्णावर 35 भाग पडतात. दुसऱ्या योजनेत खोलीला मर्यादा नसल्याने त्याच्यावर 20 भागच येतात.

बाई म्हणाल्या, "मग दुसरीच योजना चांगली, असं ठळक लिहा ना!"

तसे लिहिणे मला पटले नाही, कारण मर्यादेतली खोली घेतल्यास चित्र उलटते. बाकीचे शुल्क तेवढेच धरले, तर बिल 90 भागांचे होते. पहिल्या योजनेत रुग्णावर काहीच पडत नाही, दुसऱ्या योजनेत 18 भाग पडतात. (प्रत्यक्षात अनेक रुग्णालयांत स्वस्त खोलीबरोबर इतर शुल्कही उतरते, म्हणून पट्टीखाली ‘उदाहरणादाखल’ असे स्पष्ट छापले.) तेव्हा पानाच्या शिरोभागी "तुम्ही कोणती खोली घ्याल?" हा प्रश्न ठेवला आणि त्याखाली दोन्ही उत्तरांच्या पट्ट्या मांडल्या. रुग्णाच्या वाट्याला रंगाबरोबर तिरप्या रेघाही दिल्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छपाईतही तो वेगळा दिसेल.

आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी मात्र या पट्ट्यांत बसवला नाही. तो संपेपर्यंत त्या आजाराचा दावाच मिळत नसल्याने त्याला पट्ट्यांच्या आधी स्वतंत्र चौकट दिली, आणि प्रत्येक आकड्याखाली पॉलिसीतील कलम क्रमांक लिहिला. मधुमेह असलेल्या एका ग्राहकाने ते पान पाहून योजनेआधी त्या चौकटीविषयीच विचारले, असे बाईंनी नंतर कळवले.