पैसे दिसतात, पण हलत नाहीत

सोलापुरात अशोक चौकातल्या कारखान्यांसाठी मी टॉवेलची जॅकार्ड डिझाइन्स करतो. परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं पहिल्यांदाच १८० यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी बांधलेली क्रिप्टो टोकन्स, पाठवले, ट्रॉन या ब्लॉकचेन नेटवर्कवर. वॉलेटमध्ये आकडा झळकला. ते एक्स्चेंजवर पाठवून रुपये करायचे, एवढंच काम. पण वॉलेट म्हणालं, टीआरएक्स अपुरे.

मला वाटलं, फी त्या १८० मधूनच कापतील. तसं नसतं. ट्रॉनवरची फी टीआरएक्स या ट्रॉनच्या स्वतःच्या नाण्यातच जाते आणि माझ्याकडे ते शून्य होते. गंमत म्हणजे एक्सप्लोररवर, म्हणजे ट्रॉनवरचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, माझा पत्ता सक्रियसुद्धा दिसत नव्हता. यूएसडीटीची शिल्लक टोकनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या त्याच्या प्रोग्राममध्ये, लिहिलेली असते. ट्रॉनच्या लेखी माझं खातंच उघडलेलं नव्हतं, ते पहिले टीआरएक्स आल्यावर उघडतं.

सात रस्त्याला राहणारा मावसभाऊ हे व्यवहार नेहमी करतो. तो म्हणाला, "दादा, साडेसहा टीआरएक्स लागतात, तू दहा घे." मी एक्स्चेंजवर दहा घेतले आणि माझ्या पत्त्यावर पाठवले. पाठवताना नेटवर्क ट्रॉनच निवडलंय ना, हे तीनदा बघितलं. मग यूएसडीटी पाठवले. वॉलेटनं फीबद्दल पिवळी सूचना दाखवली होती, मी घाईत पुढे गेलो. एक्सप्लोररवर लाल अक्षरांत आलं:

```
OUT_OF_ENERGY
```

यूएसडीटी जागेवर, दहा टीआरएक्स मात्र जळाले. व्यवहार फसला तरी फी परत मिळत नाही.

भावाचा हिशोब चुकीचा नव्हता. कॉन्ट्रॅक्ट चालवायला एनर्जी लागते आणि ती नसेल तर तिच्याऐवजी टीआरएक्स जळतात. समोरच्या पत्त्यावर आधीच यूएसडीटी असतील तर सुमारे ६५,००० एनर्जी लागते आणि त्या वेळच्या दरानं त्याचे साडेसहा टीआरएक्स होत. पण एक्स्चेंजनं मला दिलेला जमा करायचा पत्ता कोरा होता. कॉन्ट्रॅक्टला त्याची नोंद नव्यानं करावी लागते, म्हणून एनर्जी जवळजवळ दुप्पट, १,३०,००० च्या आसपास, म्हणजे तेरा टीआरएक्स. दहामध्ये एक लाखच एनर्जी मिळाली आणि काम अर्ध्यात थांबलं. हे आधी बघता आलं असतं: एक्सप्लोररवर समोरचा पत्ता टाकायचा आणि त्यावर यूएसडीटी आहेत का ते पाहायचं.

दुसऱ्यांदा पंधरा मागवले. त्यात आणखी एक बारीक गोष्ट कळली. एनर्जीशिवाय व्यवहाराच्या आकारानुसार बँडविड्थही लागते. ती रोज ६०० फुकट मिळते आणि एका व्यवहाराला साधारण ३४५ लागते. सकाळच्या फसलेल्या व्यवहारानं ती खाल्ली होती, त्यामुळे त्याच दिवशीच्या दुसऱ्याला ०.३४५ टीआरएक्स वेगळे गेले. मिनिटभरात १८० पोहोचले. माझ्याकडे दीडेक टीआरएक्स उरले.

मधल्या काळात टेलिग्रामवर एकजण "मी टीआरएक्स पाठवतो, फक्त बारा शब्द सांग" म्हणत होता. त्याला ब्लॉक केलं. ते बारा शब्द म्हणजे वॉलेटची किल्ली, टीआरएक्स पाठवायला नुसता पत्ता पुरतो.

पुढच्या महिन्यात एक्स्चेंजच्या त्याच पत्त्यावर २०० यूएसडीटी पाठवले. या वेळी खरंच साडेसहाच लागले.