बँकॉकची नोकरी आणि माझं उत्तर

दुपारी मेल आली. बँकॉकला 'डिजिटल सेल्स'ची नोकरी, पगार महिन्याला दीड लाख, मुलाखत नाही, पंधरा दिवसांत निघायचं. धरमपेठेतल्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या मला सेल्ससाठी कोणी का शोधावं, हा पहिला प्रश्न. पाठवणाऱ्याच्या सहीत कंपनीचं नाव होतं, पत्ता मात्र साधा जीमेलचा.

पण खटकलं ते एकच वाक्य: 'व्हिसाची काळजी नको, पर्यटक म्हणून या, बाकी इथे बघू.' थायलंडमध्ये पर्यटक म्हणून उतरून काम करता येत नाही. त्यासाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. अशाच आमिषाने गेलेल्या मुलांना थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाने 2022 मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती.

बाबा म्हणाले, "उत्तर तरी काहून देतेस? उडवून टाक." मला मात्र वाटलं, एखाद्या खऱ्या एजन्सीतल्या नवख्या पोराने ढिसाळ लिहिलं असेल तर? म्हणून आरोप न करता लिहायचं ठरवलं. आणि विचारायचं तेही असं, ज्याचं उत्तर त्यांच्या शब्दावर न विसंबता दुसरीकडे पडताळता येईल. 'तुम्ही खरे आहात का' या प्रश्नाला 'हो'च येणार.

शेवटी हे पाठवलं:

'नमस्कार. प्रस्तावाबद्दल आभार. पुढे जाण्यापूर्वी कृपया एवढं कळवाल का: परदेशी भरतीसाठीचा आपला परवाना क्रमांक, थायलंडमधल्या नोकरी देणाऱ्या कंपनीचं नोंदणीकृत नाव व पत्ता, आणि व्हिसा कोणत्या प्रकारचा व निघण्यापूर्वी मिळेल का. शुल्क असल्यास रक्कमही कळवावी. कागदपत्रं मी ही माहिती पडताळल्यावरच पाठवीन.'

परवाना क्रमांक मुद्दाम पहिला. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही बघता येते, परवाना चालू आहे की संपला तेही कळतं. अर्थात दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून देणारेही असतात. म्हणून क्रमांक जुळला तरी फोन करायचा तो पोर्टलवर दिलेल्या नंबरवर, मेलमधल्या नाही. शुल्काचंही तसंच. कायद्याने एजंटला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. याहून मोठा आकडा आला की पुढे बोलायचं कारणच उरत नाही.

रात्री जेवायच्या आत उत्तर आलं. परवान्याचा उल्लेख नाही, कंपनीचं नाव नाही. 'मॅडम, दोनच सीट उरल्या आहेत, आज पासपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका.' मी काही टाकलं नाही. दोन्ही मेलांची प्रत ठेवली, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली आणि मग तो पत्ता ब्लॉक केला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणलो होतो ना?"