पूर्ण संचय पातळी

दिवाळी अंकाच्या कविताविभागाचं संपादन मी करते. कवितेचं शीर्षक बदला, असं मी कवीला सहसा सुचवत नाही. यंदा मात्र एका कवितेपाशी थांबले आणि दुपार त्यातच गेली.

कवी निवृत्त मराठी शिक्षक. लहानपणी त्यांचं गाव कोयनेच्या जलाशयात गेलं. घर सोडायच्या सकाळची ही कविता. आई चूल सारवते, पण निखारे विझवत नाही. जात्याचा वरचा दगड तेवढा बैलगाडीत चढतो, खालचा जमिनीत रोवलेला राहतो. मग या ओळी येतात:

भिंतीवरची लाल खूण आईनं
पदरानं पुसून पाहिली
निघाली नाही
आता इथे पाणी येईल
कडी लावली
कुलूप घरात नव्हतंच

शीर्षक होतं ‘विस्थापन’. पहिल्या वाचनात मला ही कविता चांगली, पण ओळखीची वाटली. शीर्षक झाकून पुन्हा वाचली तेव्हा त्या खुणेपाशी अडखळले. ही खूण कसली, कोणी केली? कवितेतली सगळ्यात भारी जागा तीच होती आणि ‘विस्थापन’ने ती आधीच बुजवून टाकली होती. तो शब्द वाचताच काय घडणार आणि त्याबद्दल काय वाटून घ्यायचं, हे दोन्ही ठरून जातं. मग निखारे, दगड, खूण ही त्या शब्दाची उदाहरणं होऊन बसतात.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, शीर्षक काढलं तर वाचकाला कळणार कसं? त्याला वाटेल, बाई कुठे यात्रेला निघाल्यात.” त्यांचं म्हणणं खरं होतं. शीर्षक नसतं तर ही कविता कोड्यात गेली असती.

मी विचारलं, “सर, ‘औदुंबर’ तुम्ही किती वर्षं शिकवलीत?” त्यांनी बालकवींच्या आठही ओळी म्हणून दाखवल्या. त्या ओळींत झरा आहे, बेटं आहेत, चार घरांचं गाव आहे, पायवाट आहे, काळा डोह आहे. औदुंबर येतो तो अगदी शेवटच्या शब्दाला. हिला ‘झरा’ असं नाव असतं तर ते सारांश म्हणून चाललं असतं, पण मग तो औदुंबर देखाव्यातलं आणखी एक झाड ठरला असता. शीर्षकात त्याचं नाव आधी आल्यामुळे आपण पहिल्या ओळीपासून त्याला शोधत जातो. पायवाटेमागून डोहाशी पोचतो, तर तो पाण्यात पाय टाकून बसलेला. ही वाट पाहायला लावण्याचं काम शीर्षकाचं. ओळींनी ते केलेलं नाही.

सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “‘आठ दिवसांत येतो’ कसं वाटतं? आई शेजारणीला तसं म्हणाली होती.” मला ते फार आवडलं, कारण त्यात माणसाचा आवाज होता. पण दोन अडचणी होत्या. पाण्याचा पत्ता त्यातूनही लागत नव्हता. शिवाय ते वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायला बघत होतं आणि कविता तर स्वतः एकदाही रडत नाही.

म्हणून मी खुणेबद्दल विचारलं. ते म्हणाले, “पाणी कुठवर चढणार त्याची खूण. पूर्ण संचय पातळी.” धरण पूर्ण भरल्यावर पाणी ज्या उंचीला टेकतं, तिला पाटबंधारे खात्यात असं म्हणतात. मी म्हटलं, “सर, हेच ठेवू या.”

त्यांना ते कोरडं वाटलं. मला नेमका तो कोरडेपणा हवा होता. शीर्षक खात्याच्या भाषेत बोलतं, ओळी आईच्या स्वयंपाकघरात राहतात आणि दोघांची गाठ पडते ती फक्त त्या भिंतीवर. शीर्षक वाचून आलेल्याला खूण कोणाची हे सांगावं लागत नाही. आई पदरानं काय पुसायला निघाली आहे, ते त्याला दिसतं. संचय हा शब्दही गाडीत काय चढलं आणि काय मागे राहिलं त्यावर जाऊन पडतो. शब्द अपरिचित असला तरी ‘पातळी’ आणि ‘खूण’ मिळून वाचक पाण्यापर्यंत पोचतो. ओळींत खूण नसती तर मी हे शीर्षक सुचवलंच नसतं, कारण मग ते नुसतं वरून चिकटवलेलं राहिलं असतं.

संध्याकाळी सरांचाच फोन आला. ते म्हणाले, “मग ‘आता इथे पाणी येईल’ ही ओळ कशाला?” खरंच, ते काम आता शीर्षक करत होतं. ओळ काढल्यावर ‘निघाली नाही’ला लागून ‘कडी लावली’ आलं आणि दोन्ही क्रिया एकाच हाताच्या झाल्या.

अनुक्रमणिकेत मात्र हे शीर्षक एकटं पडतं. मुद्रितशोधकांनी ते लेखांच्या यादीत टाकलं होतं. मी ते उचलून कवितांखाली आणलं आणि दुसरं प्रूफ सरांकडे पाठवलं.