सत्तावीस टक्के सीपीयू

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास डिझाइन टीममधल्या सहकारीचा कोल्हापूरहून फोन आला. घरी 300 एमबीपीएसचं फायबर, स्पीड टेस्ट झकास, पण व्हीपीएन लावून ऑफिसच्या सर्व्हरवरून फाइल उतरवायला घेतली की वेग सेकंदाला चार एमबीच्या वर जात नाही. चार एमबी म्हणजे साधारण 32 एमबीपीएस. (एमबी आणि एमबीपीएस यांत आठपटीचा फरक असतो, आणि निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.) "रात्री मात्र छान चालतं हो," असंही ती म्हणाली. साहेबांचा निकाल लगेच तयार: ऑफिसची लाइन भरली आहे, मोठी घ्या.

मला ते पटेना. लीज्ड लाइन 500 एमबीपीएसची, आणि तिच्या आलेखात वापर कामाच्या वेळेत 150 च्या आसपास जाऊन सपाट व्हायचा. भरलेली लाइन 500 ला सपाट होईल, 150 ला कशाला? आलेखाचं डोकं असं कापल्यासारखं दिसलं की वाटेत काहीतरी अडलेलं असतं. ते कुठे, एवढंच शोधायचं होतं.

स्पीड टेस्टच्या साइटने हे कळत नाही, कारण ती तिसऱ्याच सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोजते. म्हणून व्हीपीएन सर्व्हरवरच `iperf3 -s` चालू केलं, फायरवॉलमध्ये फक्त तिच्या आयपीसाठी 5201 पोर्ट उघडला आणि तिला आधी व्हीपीएन बंद करून, मग चालू करून मोजायला सांगितलं:

```
iperf3 -c 203.0.113.10 -R
iperf3 -c 10.8.0.1 -R
```

`-R` महत्त्वाचा. त्याने सर्व्हर पाठवतो आणि आपण घेतो, म्हणजे डाउनलोड मोजला जातो. पहिला पत्ता सर्व्हरचा बाहेरचा, दुसरा बोगद्याच्या आतला. दोन्ही टोकं तीच, मधली लाइनही तीच. फरक फक्त व्हीपीएनचा. बाहेरून 270 एमबीपीएस, आतून 34. एन्क्रिप्शनच्या जादा बाइट्सनी पाच-दहा टक्के जाणं समजू शकतो, इतकं नाही. सर्व्हरपासून फाइल सर्व्हरपर्यंत मोजलं तर 940, म्हणजे ऑफिसचं आतलं नेटवर्कही सुटलं.

राहिला व्हीपीएन सर्व्हर. मॉनिटरिंगच्या पडद्यावर त्याचा सीपीयू 27 टक्के, हिरवागार. ते मशीन सांभाळणाऱ्या व्हेंडरचंही तेच पालुपद होतं: "सीपीयू तर निवांत आहे." मी `top` उघडून `1` दाबलं. चार कोअरपैकी तीन जवळजवळ रिकामे आणि एक शंभर टक्क्यांवर, त्यावर `openvpn`. आमचं ओपनव्हीपीएन जुन्या पद्धतीचं, सगळ्या लोकांचा डेटा एकाच प्रोसेसच्या एकाच थ्रेडमधून जाणारा. चारांतला एक पूर्ण दमला तरी सरासरी पंचवीसच्या आसपासच दिसणार! चार खिडक्या असलेल्या बँकेत तीन बंद आणि एकीसमोर रांग, असा प्रकार. रात्री रांगेत ती एकटीच, म्हणून वेग बरा.

पण कोअर दमावा इतकं ओझं कसलं? `grep -c aes /proc/cpuinfo` चं उत्तर आलं 0. होस्ट मशीनवर तोच आदेश दिला तर भरघोस आकडा. सर्व्हर ही व्हर्च्युअल मशीन, आणि तिचा सीपीयू प्रकार `kvm64` ठेवलेला. त्यामुळे प्रोसेसरमध्ये असलेल्या एईएसच्या खास सूचना आत दिसतच नव्हत्या आणि प्रत्येक पॅकेटचं एन्क्रिप्शन साध्या सूचनांनी घासून होत होतं.

संध्याकाळी प्रकार बदलून `host` केला. इथे एक ग्यानबाची मेख आहे: आतून रीबूट करून भागत नाही, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते. `openssl speed -evp aes-256-gcm` चे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले तर कितीतरी पटींचा फरक. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कोल्हापूरहून बोगद्यातून 180 मिळाले. लाइन तीच राहिली.

अर्थात थ्रेड अजून एकच आहे. माणसं वाढली की तो कोअर पुन्हा भरेल. तेव्हा वायरगार्ड, किंवा ओपनव्हीपीएन 2.6 मधलं डीसीओ, कारण दोन्हींत डेटाचं काम कर्नलमध्ये होतं.

आमच्या न्यू जर्सीतल्या सहकाऱ्याला मात्र याचा काडीचा फायदा झाला नाही. त्याचा वेग आधीही 19, नंतरही 19. त्याला `-P 4` लावून चार प्रवाह एकदम सोडायला सांगितलं, तर एकूण सत्तरच्या पुढे गेला. कोअर दमलेला असता तर चार मिळूनही तेवढंच मिळालं असतं. त्याची अडचण अंतराची: पॅकेटला जाऊन-येऊन 220 मिलिसेकंद लागतात, आणि 512 केबीचा बफर भरला की पोच मिळेपर्यंत पाठवणारा थांबतो. 512 केबी भागिले 0.22 सेकंद, म्हणजे बरोबर 19 एमबीपीएस. त्याचे बफर आता वाढवायला घेतले आहेत.