पंधरा केबीत मावलेला काठ

रविवार, रात्री साडेअकरा. दांडिया बाजार, बडोदे.

आज अखेर स्विफ्टची साडी नेसवून झाली. ग्रॅन टुरिस्मो ७ या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये माझी आवडती गाडी स्विफ्ट स्पोर्ट, आणि महिनाभर डोक्यात एकच खूळ: आईच्या जांभळ्या पैठणीतला बांगडी मोर तिच्या दारावर बसवायचा.

खेळात आपलं चित्र न्यायचं तर ते एसव्हीजी फाइलमध्ये लागतं, आणि फाइल १५ केबीच्या वर गेली की घेतच नाहीत. फोटो तसाच आत चिकटवूनही चालत नाही, रेषाच लागतात. म्हणून पदराचा फोटो काढला आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरला त्यावरून रेषा ओढायला सांगितलं. मोर छान आला. फाइल ९२ केबी!

का, ते फाइल नोटपॅडमध्ये उघडल्यावर कळलं. एसव्हीजी म्हणजे शेवटी आकड्यांची यादी. रेषेवरच्या एकेका वळणबिंदूला सहा आकडे, आणि प्रत्येक आकडा `112.348217` असा लांबलचक. बिंदूमागे सरासरी ६६ अक्षरं. माझ्या मोराला बिंदू होते चौदाशे, कारण फोटोतला धाग्याचा खडबडीतपणाही यंत्राने इमानाने गिरवला होता.

सेव्ह करताना Optimized SVG निवडून दशांशाखाली एकच आकडा ठेवला. खेळात त्याने काडीचा फरक दिसत नाही आणि बिंदूमागे २७ अक्षरं उरतात. फाइल आली ३८ केबीवर. मग Path > Simplify दाबत गेलो. तिसऱ्या दाबाला १४ केबी झाले, पण मोराचं बदक झालं होतं. तुरा गेला, मान जाड. दोन रात्री त्या बदकाकडे बघत काढल्या.

चूक साधी होती. काढलेलं कमी करत बसण्यापेक्षा मुळातच कमी काढायला हवं होतं. पैठणीचा मोर विणलेलाच असतो पायऱ्यापायऱ्यांनी. त्याला गोंडस वळणं लागतातच कशाला? फोटो मागे फिका ठेवून पेन टूलने हाताने बिंदू ठेवले. एकशे ऐंशी बिंदूंत अख्खा मोर, तुऱ्यासकट. पाच केबीच्या आत.

काठ तर त्याहून स्वस्त पडला. नारळी काठ म्हणजे त्रिकोणांची रांग. पूर्ण पट्टा काढायचं काही कारणच नाही. एकच त्रिकोण फाइलमध्ये काढायचा, खेळात त्याच्या प्रती दाराखालच्या पट्टीवर ओळीने लावत जायच्या. एका बाजूला चोवीस बसले. पुढच्या चाकाजवळ मात्र घोळ झाला. स्टिकर समोरून प्रकाश पाडावा तसा गाडीवर पडतो, त्यामुळे पत्रा जिथे आत वळतो तिथे त्रिकोण ताणून लांब होतो. शेवटचे दोन काढून टाकले, काठ चाकाच्या चार बोटं अलीकडेच संपवला. शिंपीण असती तर तिने तिथे दुमडला असता.

मागच्या काचेखाली ‘बडोदे’ लिहिलं. अक्षरांचं आधी Object to Path करावं लागतं, खेळाला आपला फॉन्ट माहीत नसतो. नंतर मी Union ऐवजी Combine केलं, तर काना जिथे शिरोरेखेला शिरतो तिथे बारीक चौकोनी भोकं पडली. दोन आकार एकमेकांवर आले की ती जागा रिकामी धरली गेली होती. Union केल्यावर शिरोरेखा अखंड झाली.

दुपारी सगळ्यांसाठी शेअर केली. वरच्या मजल्यावरचा मित्र बघून म्हणाला, “यार, आ तो साडी जेवी लागे छे!” म्हटलं, साडीच आहे.

संध्याकाळी आईला टीव्हीवर दाखवली. तिने चष्मा लावला, मोर बघितला, मान डोलावली. मग खाली बघून म्हणाली, “अरे, काठ उलटा लावलास. टोकं अंगाकडे असतात, जमिनीकडे नाही.” बावीस आणि बावीस, चव्वेचाळीस त्रिकोण! जेवणाआधी सगळे फिरवले आणि सुधारलेली लिव्हरी, म्हणजे गाडीची ही सजावट, नव्याने शेअर केली.

झोपायच्या आधी एक ऑनलाइन शर्यत मारली. तिसऱ्या फेरीत एक जांभळी स्विफ्ट मला आतल्या बाजूने ओलांडून गेली. नाव कुठल्याशा परदेशी लिपीतलं होतं, मागे ‘बडोदे’. त्याने दुपारचीच उचलली असणार. काठाची टोकं रस्त्याकडे होती.

आईला सांगितलेलं नाही.