आमची वाटचाल: टेपवरच्या लग्नापासून अक्षतांच्या स्लो मोशनपर्यंत

नागपूरच्या महाल भागात आमचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान 2006 साली सुरू झालं, मी आणि मोठा भाऊ, एक डीव्ही टेपचा कॅमेरा, एक कॉम्प्युटर आणि खाली चहाची टपरी. सुरुवातीला स्लो मोशन म्हणजे काय तर स्पीड 50 टक्के करायचा आणि मोकळं व्हायचं. सॉफ्टवेअर तीच फ्रेम दोनदा दाखवायचं, चित्र अटकत अटकत चालायचं, आणि लोक म्हणायचे वा काय पिक्चरसारखं झालंय. तेव्हा सगळं खपायचं.

रिव्हर्समध्ये पहिल्यांदा नीट आपटलो. हळदीचा एक शॉट उलटा चालवला, मुलीच्या अंगावर उडवलेलं पाणी परत तांब्यात जाताना दाखवायचं होतं, तर टीव्हीवर सगळं थरथरायला लागलं, दोन पावलं पुढे एक मागे असं. कॉम्प्युटरवर काहीच दिसत नव्हतं. दोन दिवस केबल बदलण्यात गेले. मग कळलं की टेपवरची एक फ्रेम म्हणजे एक चित्र नसतंच, ती दोन अर्धी चित्रं असतात, एका आड एक ओळींची, आणि दोघांमध्ये 1/50 सेकंदाचं अंतर. याला फील्ड म्हणतात. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. आपण फ्रेम उलट क्रमाने लावल्या, पण प्रत्येक फ्रेमच्या आतली दोन फील्डं जुन्याच क्रमाने चालली, म्हणून ती थरथर.

पण त्यातच एक मोठी गोष्ट हाती लागली. सेकंदाला 25 फ्रेम असल्या तरी टेपवर क्षण 50 असतात. फील्डं सुटी करून प्रत्येकाची पूर्ण फ्रेम बनवली की सेकंदाला 50 खऱ्या फ्रेम मिळतात, त्या 25 ने चालवल्या की निम्म्या स्पीडचं स्लो मोशन फुकट, हालचाल एकही बनावट नाही. फक्त चित्र उभ्या दिशेने थोडं मऊ होतं, कारण प्रत्येक फील्डमध्ये ओळी निम्म्याच. आजही कोणी जुनी टेप घेऊन आलं की आम्ही पहिलं हेच करतो:

```
ffmpeg -i tape.avi -vf bwdif=mode=send_field:parity=bff -c:v prores_ks out.mov
```

रिव्हर्स करायचं असेल तरी हे आधी, उलटं नंतर.

मग डीएसएलआर आले. आम्ही पण घेतला, कर्ज काढून, आणि सगळं 25 प्रोग्रेसिव्हवर, म्हणजे फील्डं नाहीत, सेकंदाला 25 अख्ख्या फ्रेम, असं शूट करायला लागलो कारण चित्र भारी दिसायचं. त्यात आपण सेकंदाला 50 क्षणांवरून 25 वर आलो हे कोणाच्या डोक्यातच नाही आलं. स्लो मोशन पुन्हा अटकायला लागलं. तेवढ्यात ऑप्टिकल फ्लो हाताला लागला, आणि आम्हाला वाटलं आता काय, कोणताही शॉट कितीही स्लो करा.

हा ऑप्टिकल फ्लो करतो काय, तर दोन फ्रेम शेजारी ठेवतो आणि प्रत्येक ठिपका पहिल्या फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे गेला ते शोधतो. सापडला की त्या वाटेवर मधल्या जागी ठिपका ठेवून नवीन फ्रेम बनवतो. पाचपट स्लो म्हणजे दोन खऱ्या फ्रेममध्ये चार बनवलेल्या, वाटेच्या एक पंचमांश, दोन पंचमांश अशा जागी. ठिपका सापडला तर लोण्यासारखं दिसतं. नाही सापडला तर तो गप्प बसत नाही, अंदाज मारतो. सगळी भानगड इथेच.

आमची भानगड एका मे महिन्यातल्या लग्नात झाली. शॉट असा, शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट खाली येतो, मुलगी डोळे वर करते, हसते आणि अक्षता पडतात. एकूण 3.2 सेकंद, म्हणजे 80 फ्रेम. मी अख्खा शॉट 20 टक्क्यांवर टाकला. 16 सेकंद झाले, 400 फ्रेम, त्यातल्या खऱ्या फक्त 80. रेंडर झाल्यावर लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर पाहिला, झकास वाटला, दिला पाठवून. दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईचा फोन, "भाऊ, माझ्या पोरीच्या गालाला काय झालं हो?"

मोठ्या टीव्हीवर फ्रेम फ्रेम करून पाहिलं तेव्हा घाम फुटला. अक्षतांचे दाणे खाली पडत नव्हते, हवेत उगवत होते आणि तिथेच विरत होते. काही दाणे गालाला चिकटून गालच ओढत नेत होते, दोन-तीन फ्रेम गाल लांब व्हायचा आणि मग खाडकन जागेवर. नथ एका ठिकाणी दोन तुकड्यांत. आणि मामाचा हात चेहऱ्यासमोरून गेला तिथे मुंडावळ्यांवर बोटांच्या आकाराचा धूर राहिला होता. मागच्या मोठ्या कूलरच्या पंख्याची जी खिचडी झाली होती ती तर सोडूनच द्या.

कारण हिशेबाने समजतं. फेकलेला दाणा साधारण सेकंदाला 3 मीटरने जातोय असं धरा, म्हणजे एका फ्रेममध्ये तो 12 सेंटीमीटर सरकला. दाणा स्वतः 6-7 मिलिमीटरचा. म्हणजे पुढच्या फ्रेममध्ये तो आपल्या लांबीच्या सतरा ते वीस पट दूर, आणि तिथे त्याच्यासारखेच आणखी दोनशे दाणे. कोणता कोणाचा? सॉफ्टवेअरला जवळ जो दिसला तो त्याने धरला, नाहीतर गालाचीच हालचाल दाण्याला लावली, नाहीतर दाण्याची गालाला. हाताचं दुखणं वेगळं. हात पुढे सरकला की त्याच्या मागून मुंडावळ्यांचा जो भाग उघडा पडतो तो आधीच्या फ्रेममध्ये झाकलेला असतो, मग त्याची जोडी शोधणार कुठे, म्हणून कडेने तो धूर. अंतरपाटाच्या काठावरच्या नक्षीचंही तसंच, एकसारखी चिन्हं ओळीने असली की हा शेजारच्या चिन्हाला आपलं समजतो आणि काठ मध्येच उडी मारतो.

दुरुस्ती करताना अख्खा शॉट स्लो हा हट्टच सोडला, टाइम रिमॅप करून तुकडे पाडले. पहिल्या 28 फ्रेम, अंतरपाट उतरतो त्या, सरळ 100 टक्के. नंतरच्या 16 फ्रेममध्ये मुलगी डोळे वर करते, समोर हात नाही, हवेत दाणे नाहीत, आणि खरं सांगायचं तर लोकांना पाहायचं असतं ते हेच. त्या 25 टक्क्यांवर ऑप्टिकल फ्लोने, 16 च्या 64 झाल्या आणि एकही डाग नाही. शेवटच्या 36 फ्रेम अक्षतांच्या, त्या 50 टक्के पण फ्लो बंद, प्रत्येक खरी फ्रेम दोनदा. ते किंचित अटकतं, पण दाणे खरे राहतात आणि तेव्हा चेहरा जवळपास स्थिर असतो म्हणून डोळ्याला खुपत नाही. इथे 60 किंवा 70 टक्के असं काही टाकू नका, मग काही फ्रेम एकदा आणि काही दोनदा दिसतात आणि चाल लंगडी होते. तुकड्यांच्या सांध्यावर स्पीडला थोडा उतार दिला, सगळं मिळून 6.5 सेकंदांच्या आसपास. आईला 16 सेकंदांचं आठवत होतं तरी तिने काही म्हटलं नाही, गाल जागेवर होता ना.

त्यानंतर शूटिंगच बदललं. अक्षतांच्या वेळी एक कॅमेरा 50 फ्रेमवर, शटर 1/100. हा आकडा उगाच नाही. आपल्याकडे लाइट 50 हर्ट्झची, हॉलमधले बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, 1/100 ला प्रत्येक फ्रेममध्ये एक पूर्ण लुकलुक येते. आम्ही हुशारी करून 1/200 ठेवलं होतं एकदा, दाणे काचेसारखे आले आणि अख्ख्या स्टेजवर काळे पट्टे. 50 चं फुटेज निम्म्या स्पीडला काहीच बनवायला लावत नाही, आणि चौपट स्लो पाहिजे तर दोन खऱ्यांमध्ये एकच बनवलेली, आणि शोधायचं अंतरही अर्धं. 25 च्या फुटेजला 1/50 शटर असलं की हलत्या हाताला जो पुसटपणा येतो तो पण स्लो केल्याने जात नाही हे ध्यानात ठेवा, बोटांची शेपटी तशीच राहते, फक्त आता ती सावकाश फिरते.

रिव्हर्सची मागणी हल्ली रील्समुळे जास्त आहे, पाकळ्या हातात परत येतात वगैरे. 100 टक्के स्पीडला रिव्हर्स असेल तर फ्रेम बनवायच्याच नसतात, म्हणून डाग नाहीत. फक्त मोबाइलची किंवा कॅमेऱ्याची फाइल तशीच उलटी लावली की कॉम्प्युटर रडते, कारण त्या फाइलमध्ये मोजक्याच फ्रेम पूर्ण असतात आणि बाकीच्या 'आधीच्यापेक्षा काय बदललं' एवढ्याच लिहिलेल्या, मग मागे एक पाऊल टाकायला त्याला दरवेळी मागच्या पूर्ण फ्रेमपासून पुढे यावं लागतं. प्रोरेस फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, तेवढा तुकडा आधी त्यात काढून घेतला की सुरळीत.

आता आमच्याकडे चार पोट्टे आहेत आणि फ्लोचा प्रत्येक शॉट डिलिव्हरीआधी टीव्हीवर फ्रेम फ्रेम पुढे सरकवून बघायचा असा नियम आहे. चेहऱ्याच्या कडा, दागिने आणि फ्रेमच्या चारी कडा, तिथे आत येणाऱ्याला आधीची जोडी नसते म्हणून कडा ताणल्या जातात. शॉटमध्ये चुकून कट राहिला असेल तर एक चेहरा दुसऱ्यात वितळतो, ते एकदा नवरदेव आणि भटजींचं झालं होतं, आम्ही ते जपून ठेवलंय.

एकाच गोष्टीवर पक्का इलाज नाही सापडला, फोटोवाल्याचा फ्लॅश. तो एवढा क्षणभर असतो की एकाच फ्रेमवर पडतो, कधी तर अर्ध्याच फ्रेमवर. फ्लोचं सगळं गणित एकच ठिपका दोन्ही फ्रेममध्ये सारखाच उजळ असतो या भरवशावर चालतं, मध्येच पांढरंफट्ट झालं की चेहऱ्यावर ढग फिरल्यासारखं दिसतं. ती फ्रेम उपटून फेकायची आणि आजूबाजूच्या दोघींवरून नवीन बनवायची, चेहरा शांत असेल तर जमतं. पण मंगलाष्टकं संपली की 3 सेकंदांत सहा फ्लॅश उडतात. परवा फोटोवाल्याला म्हटलं, अक्षता पडेपर्यंत जरा थांब ना बे. तर म्हणते, "काहून? तुमचं काय, तुम्ही मागून पण स्लो करून घेता. मला पोरगी तेव्हाच हसताना भेटते."