ऑडिट कोर्स, ट्रान्सक्रिप्टवरचा F आणि दीड क्रेडिटची फी

ऑडिट म्हणून, म्हणजे क्रेडिट न घेता नुसतं वर्गात बसून शिकायला घेतलेल्या कोर्सात मी नापास झाले, असं माझं ट्रान्सक्रिप्ट जवळजवळ अख्खं सत्र सांगत होतं. ऑडिटला परीक्षा नसते आणि ग्रेडही नसते, मग नापास होणार कशात? हजेरी कमी पडली तर फार तर नोंद निघून जाते किंवा तिथे कोर्स सोडल्याचा W येतो. तरीही माझ्या नावापुढे F छापलेला होता. तो काढून घेताना जो त्रास झाला, तो दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी. प्रबंधासाठी सांख्यिकी नीट यायला हवी होती, पण त्या कोर्सच्या ग्रेडचा भार नको होता. म्हणून नेहमीचे चार कोर्स क्रेडिटसाठी घेतले आणि पाचवा ऑडिटला. सरांची सही मिळाली, फॉर्म मुदतीत दिला, वर्गही सुरू झाले. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

अडलं ते फीच्या चलनापाशी. आमच्याकडे फी क्रेडिटवर लागते आणि ऑडिटला निम्मा दर असतो. प्रत्येक कोर्स 3 क्रेडिटचा. म्हणजे चार कोर्सचे 12 आणि ऑडिटच्या 3 क्रेडिटचे निम्मे दीड, एकूण साडेतेरा क्रेडिटची फी. चलन आलं पंधराचं. मी त्याच दिवशी लेखा विभागात गेले. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "आत्ता पूर्ण भरा, नाहीतर दंड लागेल. नंतर ॲडजस्ट होईल." मी भरली.

ही फी भरली ती भरली, पण त्या चलनाचा अर्थ कुणीतरी तेव्हाच सांगायला हवा होता. लेखा विभाग आपल्या मनाने आकडा घालत नाही. सिस्टीममध्ये प्रत्येक कोर्सपुढे नोंदणीचा प्रकार असतो, क्रेडिट किंवा ऑडिट, आणि त्यावरूनच फी निघते. चलन पूर्ण दराचं आलं याचा अर्थ फॉर्म देऊनही माझी नोंद 'क्रेडिट' अशीच चढली होती. पुढे ट्रान्सक्रिप्ट त्याच नोंदीवरून तयार होतं. म्हणजे निकालात होणारा घोळ सत्राच्या सुरुवातीलाच चलनावर दिसत होता.

ज्यांच्याकडे पूर्णवेळ विद्यार्थ्यांना एकच ठोक फी असते, त्यांना चलनावरून हे कळणार नाही, कारण ऑडिट असो वा क्रेडिट, आकडा तोच राहतो. त्यांनी लॉगिन करून नोंदणीच्या पानावर क्रेडिटचा रकाना बघावा. ऑडिट नीट चढलं असेल तर त्या कोर्सपुढे सहसा 0 दिसतं. तिथे 3 दिसले तर मुदत संपायच्या आत नोंदणी विभाग गाठा.

सत्र संपलं. सरांच्या ग्रेडच्या यादीत माझं नाव होतं, पुढे रिकामी चौकट. मी ऑडिटला आहे हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी ती रिकामीच ठेवली, आणि ते बरोबरच होतं. पण ग्रेड भरायची मुदत संपल्यावर रिकाम्या चौकटीचा आपोआप F होतो. माझ्या चार कोर्सचे ग्रेड पॉइंट होते 9, 8, 8 आणि 7. प्रत्येकी 3 क्रेडिट धरून बेरीज 96, भागिले 12, सरासरी 8. F आल्यावर बेरीज 96 च राहिली पण भागायचं पंधराने, म्हणजे 6.4. खरं तर ऑडिटच्या ओळीत ग्रेडच्या जागी AU येतं आणि क्रेडिट शून्य असतं, त्यामुळे ती ओळ वरच्या बेरजेतही नसते आणि खालच्या भाजकातही नसते. माझ्या बाबतीत ती भाजकात शिरली होती.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. परीक्षा विभाग म्हणाला, "पावती पूर्ण क्रेडिटची आहे, म्हणजे तुमचा कोर्स क्रेडिटचाच." लेखा विभाग म्हणाला, "ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आहे, मग निम्मी फी कशी लावणार?" एकाच चुकीच्या नोंदीवरून निघालेले दोन कागद, आणि दोन्ही विभाग ते एकमेकांचा पुरावा म्हणून दाखवत होते. मूळ फॉर्म कुणी काढून बघत नव्हतं. त्या रांगांची आठवण झाली की अजूनही चीड येते.

परीक्षा विभागाने शेवटी ग्रेडबदलाचा फॉर्म दिला. सरांनी तो लगेच भरला, तो परत आला. पुन्हा भरला, पुन्हा परत. कारण कुणी सांगेना. एका जुन्या कारकुनांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं: सरांना ग्रेड बदलायला जी यादी उघडते, तीत AU हा पर्यायच नव्हता. AU ही शिक्षकाने दिलेली ग्रेड नाही, तो नोंदणीचा प्रकार आहे. तो फक्त नोंदणी विभाग बदलू शकतो, आणि सत्र संपल्यावर त्यासाठी पूर्वलक्षी नोंदणीदुरुस्तीचा वेगळा अर्ज लागतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर ग्रेडबदलाच्या फॉर्मवर एकही दिवस घालवू नका.

त्या अर्जाला जोडायला माझ्याकडे मूळ फॉर्मची पोच होती, शिक्का आणि तारखेसह. तारीख मुदतीच्या आतली होती, म्हणून काम झालं. पोच नसती तर मुदतीनंतर ऑडिट मागितल्यासारखं दिसलं असतं, आणि नापास झाल्यावर ग्रेड लपवण्याची ती वाट होऊ नये म्हणून तसे अर्ज फेटाळले जातात. फॉर्म ऑनलाइन असेल तर मंजुरीच्या पानाची प्रत तारखेसकट ठेवा.

हेही आधीच सांगायला हवं होतं: ऑडिटची क्रेडिट पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून लागणाऱ्या किमान क्रेडिटमध्ये सहसा धरत नाहीत. समजा किमान 12 लागतात आणि तुम्ही 9 क्रेडिटला, 3 ऑडिटला घेतलीत, तर फी लागते पण कागदोपत्री तुम्ही 9 वरच राहता. शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा व्हिसा त्या आकड्यावर अवलंबून असेल तर आधी विचारा. ऑडिट केलेला कोर्स पुढच्या कोर्सची पूर्वअट म्हणून बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि नंतर त्याचं क्रेडिटमध्ये रूपांतरही होत नाही. क्रेडिट हवं असेल तर पुन्हा फी भरून पूर्ण कोर्स करावा लागतो. नुसतं ऐकायचं असेल आणि कागदावर काही नको असेल, तर सरांना विचारून मागच्या बाकावर बसता येतं का बघा. त्याची नोंदही राहत नाही आणि बहुधा फीही लागत नाही.

नोंद बदलल्यावर बाकीचं आपोआप सुटलं. F जाऊन AU आलं, सरासरी परत 8 झाली, आणि दीड क्रेडिटची फी पुढच्या सत्राच्या चलनात वळती झाली. दुरुस्तीपूर्वी जिथे जिथे ट्रान्सक्रिप्ट पाठवलं होतं तिथे मात्र जुनीच प्रत होती. ती कुणी आपणहून बदलत नाही. नवी प्रत मागवून प्रत्येक ठिकाणी मलाच पाठवावी लागली, सोबत नोंदणी विभागाचं दुरुस्तीचं पत्र जोडून.